कागद कुठे थांबलाय?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातली मोजमापाची खोली डोळ्यांसमोर आणा. बाहेर जूनचा उकाडा असो की पाऊस, आत तापमान 20 अंश सेल्सिअसवर धरलेलं. ग्रॅनाइटच्या जाड टेबलावर सीएमएम नावाचं यंत्र उभं आहे. त्याच्या प्रोबच्या टोकाला माणकाचा बारीक मणी असतो. तो मणी गिअरच्या घराला, ब्रॅकेटला, शाफ्टला अलगद टेकतो आणि माप पडद्यावर येतं. यंत्राच्या खांबावर एक पांढरा स्टिकर आहे. पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख त्यावर लिहिली आहे: 30 जून 2025.

आज 16 जून, सोमवार. खोलीची जबाबदारी सांभाळणारी इंजिनिअर ईआरपी उघडते. कॅलिब्रेशनसाठी टाकलेला पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, अजून ‘प्रलंबित’ दिसतो आहे. तीन आठवडे झाले. तिने दोनदा मेल केली, एकदा फोन केला. आता वित्त विभागाच्या प्रमुखांनाच लिहायचं असं ती ठरवते.

हा प्रसंग इथे समजावण्यासाठी रचलेला आहे. त्यातले आकडेही उदाहरणापुरतेच आहेत. पण ज्यांनी कंपनीत, कॉलेजात किंवा सरकारी कार्यालयात चार वर्षं काढली आहेत, त्यांना असा एक तरी अडकलेला कागद आठवेल. कुणाला दोष न देता वरच्या माणसाला लिहायचं कसं, हा प्रश्न त्या क्षणी फार कठीण होऊन बसतो. तीन आठवड्यांचा वैताग बोटांत उतरलेला असतो आणि पहिला मजकूर साधारण असा निघतो:

“सर, सीएमएम कॅलिब्रेशनचा पीआर टाकून तीन आठवडे झाले. वारंवार सांगूनही लेखा विभागाने अद्याप मंजुरी दिलेली नाही. यामुळे ऑडिटमध्ये अडचण आल्यास क्वालिटी विभाग जबाबदार राहणार नाही. कृपया त्वरित योग्य ती कारवाई करावी.”

यात खोटं काही नाही, तरीही ही मेल काम अडवते. ‘वारंवार सांगूनही’ म्हणजे समोरचा ऐकत नाही. किती वेळा सांगितलं, कधी सांगितलं, हे मात्र कुठेच नाही. ‘जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य भांडणाच्या तयारीत लिहिलेलं आहे, आणि ते वाचणारा लगेच स्वतःच्या बचावाची तयारी करतो. शेवटचा शब्द तर सगळ्यात महागात पडतो. मराठीत कार्यवाही वेगळी आणि कारवाई वेगळी. कागद पुढे सरकवणं ही कार्यवाही, तर माणसाला जाब विचारणं, नोटीस देणं, शिक्षा करणं ही कारवाई. घाईत एका शब्दाच्या जागी दुसरा पडतो आणि मंजुरीची विनंती तक्रार होऊन बसते.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचाही असाच एक ठरलेला शेवट आहे: काइंडली डू द नीडफुल. तो सौम्य वाटतो, पण त्यातून काहीच मागितलं जात नाही. ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय, हे विभागप्रमुखाने शोधून काढायचं. रोज शंभर मेल पाहणारा माणूस ते शोधत बसत नाही. तो मेल खाली पाठवतो, ‘प्लीज लुक इन्टू धिस’ असं लिहून. कागद पुन्हा जिथे होता तिथेच येतो, फक्त आता त्याला राग चिकटलेला असतो.

विभागप्रमुखाच्या खुर्चीतून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या खात्यातल्या माणसावर दुसऱ्या खात्याने ठपका ठेवला की त्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं हे प्रमुखाचं कामच असतं. मग तो आधी चौकशी करतो. खरंच उशीर आमच्याकडून झाला का, पीआर पूर्ण होता का, कोटेशन जोडलं होतं का, हे विचारतो. चौकशीत दोन दिवस जातात आणि 68,000 रुपयांची मंजुरी तिथेच राहते. ठपका न ठेवण्यात सभ्यता आहेच, पण त्यापेक्षा मोठं कारण हे आहे: ठपका आला की प्रमुखाला निवाडा करावा लागतो, आणि आपल्याला तर फक्त त्याचा निर्णय हवा असतो.

म्हणून मेल लिहिण्याआधी दहा मिनिटं वेगळ्या कामाला द्यावी लागतात. कागद नेमका कुठे थांबला आहे, हे शोधायचं.

आपली इंजिनिअर पीआरचा मंजुरीचा इतिहास उघडते. 26 मे रोजी पीआर नोंदवला गेला. 27 मे रोजी क्वालिटी मॅनेजरांनी मंजूर केला. पुढचा टप्पा वित्त विभागाचा. तिथे 29 मे या तारखेला एक शेरा आहे: “गेल्या वर्षी 54,000. या वर्षी 68,000. वाढीचं कारण?” हा प्रश्न तिने आज पहिल्यांदा पाहिला. पीआर ज्या ट्रेनीच्या लॉगिनवरून टाकला होता, त्याची मुदत संपून तो मेअखेरीस गेला होता. प्रश्नाची सूचना त्याच्या बंद पडलेल्या खात्यात जाऊन बसली. वित्त विभागातले अधिकारी उत्तराची वाट पाहत होते आणि ही मंजुरीची. तिने पाठवलेल्या दोन मेलमध्ये ‘पीआर कधी मंजूर होणार’ इतकंच होतं, त्यामुळे तिकडच्यांना वाटलं की प्रश्न वाचूनही ती उत्तर टाळते आहे.

अडकलेल्या कागदांच्या मुळाशी पुष्कळदा असंच काही सापडतं. दोन्ही बाजूंना खात्री असते की चेंडू समोरच्याच्या अंगणात आहे. कुणी आळस केलेला नसतो, कुणी अडवलेलं नसतं. दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत कागद पडलेला असतो. आता वर दिलेला पहिला मजकूर गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार करावा. वित्त विभागाने 29 मेचा शेरा दाखवला असता, आणि उशीर क्वालिटीकडूनच झाला हे सगळ्यांसमोर ठरलं असतं.

ती लगेच उत्तर नोंदवते. गेल्या वर्षी फक्त तपासणी होती. गेल्या वर्षीच्याच अहवालात यंत्राच्या एका अक्षावरची चूक मर्यादेच्या जवळ आल्याचं लिहिलं होतं, म्हणून या वर्षी चूक दुरुस्त करून देण्याचं कामही धरलं आहे. मग ती त्या अधिकाऱ्यांना फोन करते. ते म्हणतात, “आता कळलं. पण मी अंतर्गत ऑडिटसाठी दुसऱ्या प्लांटवर आलोय, सोमवारी, 23 तारखेला परत येईन. इथून मला ती स्क्रीन उघडत नाही.” प्रयोगशाळेला पीओ 20 जूनपर्यंत हवा आहे. म्हणजे कुणाचीही चूक नसताना कागद अजूनही थांबलेला आहे. विभागप्रमुखांना लिहिण्याची खरी वेळ आता आली.

फोन ठेवण्यापूर्वी ती एक वाक्य बोलते: “सर, मग मी तुमच्या हेडना लिहिते आणि तुम्हाला सीसीत ठेवते, चालेल ना?” हे वाक्य फार मोलाचं आहे. ज्याच्या टप्प्यावर कागद आहे त्याला मेल येण्याआधी माहीत असलं की मेल त्याच्या पाठीमागून गेली असं होत नाही. ते म्हणतात, “बरं होईल. मीही सांगून ठेवतो.”

त्यानंतर लिहिलेली मेल अशी:

“विषय: 20 जूनपर्यंत मंजुरी हवी – सीएमएम कॅलिब्रेशन, पीआर 4127, रु. 68,000

नमस्कार सर,

सीएमएमच्या वार्षिक कॅलिब्रेशनचा पीआर 4127 वित्त मंजुरीच्या टप्प्यावर आहे. मंजुरी देणारे सहकारी 23 जूनपर्यंत दुसऱ्या प्लांटवर आहेत. पीओ शुक्रवारी, 20 जूनपर्यंत जायला हवा. तोपर्यंत ही मंजुरी आपण देऊ शकाल का, किंवा या आठवड्यापुरता पर्यायी अधिकारी नेमता येईल का?

पीआर 26 मे रोजी नोंदवला आणि 27 मे रोजी आमच्या मॅनेजरांनी मंजूर केला. 29 मे रोजी दरवाढीबद्दल प्रश्न आला होता. त्याची सूचना आमच्याकडच्या बंद झालेल्या लॉगिनवर गेल्याने तो आम्ही आज पाहिला. उत्तर आज सकाळी नोंदवले आहे: गेल्या वर्षीच्या 54,000 रुपयांत फक्त तपासणी होती, या वर्षी चूक दुरुस्त करण्याचे कामही आहे. गेल्या वर्षीचा अहवाल आणि दोन्ही वर्षांची कोटेशन जोडली आहेत.

यंत्राच्या कॅलिब्रेशनची मुदत 30 जूनला संपते. प्रयोगशाळेने आपल्यासाठी 26 आणि 27 जून राखून ठेवले आहेत. ते दिवस गेल्यास पुढची तारीख 9 जुलै मिळते. ग्राहकाचे ऑडिट 8 जुलैला आहे. मधल्या काळात आपल्याला नग बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोजून घ्यावे लागतील.

वाढीव काम या वर्षी नको असल्यास फक्त तपासणीचे कोटेशनही घेतले आहे, रु. 57,000. तसे कळवल्यास आजच पीआर बदलून देते.

धन्यवाद.”

ही मेल वाचायला दीड मिनिट लागतं. फोनवर पाहिली तर पहिल्याच परिच्छेदात काय हवं, कधीपर्यंत हवं आणि प्रमुखाने काय करायचं हे कळून जातं. बाकीचा मजकूर खात्री करून घेण्यासाठी आहे. पण खरी करामत वाक्यांच्या बांधणीत आहे, आणि ती मराठीतच नीट दिसते.

मराठीत भूतकाळातली सकर्मक क्रिया सांगताना कर्त्याला ‘ने’ लागतो. ‘लेखा विभागाने मंजुरी दिली नाही’ असं म्हटलं की तो ‘ने’ बोट दाखवतो. नकारासोबत आला तर हमखास दाखवतो. ‘पीआर वित्त मंजुरीच्या टप्प्यावर आहे’ या वाक्यातही तीच वस्तुस्थिती आहे, पण इथे कर्ता पीआर आहे. कागद कुठे आहे ते कळतं, आणि कुणी काय केलं नाही हा प्रश्न उठतच नाही. मेलमधली वाक्यं पुन्हा पाहिली तर एक शिस्त दिसेल. जे झालं, तिथे कर्ता स्पष्ट आहे: मॅनेजरांनी मंजूर केला, प्रयोगशाळेने दिवस राखले. जे झालं नाही, तिथे फक्त स्थिती सांगितली आहे. एकच अपवाद आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे. सुटलेली गोष्ट आपल्या बाजूची होती, तिथे ‘आम्ही’ उघड आलं आहे. समोरच्याची चूक झाकायची आणि स्वतःचीही झाकायची, असं केलं तर वाचणाऱ्याला काहीतरी लपवल्याचा वास येतो. स्वतःकडचं सुटलेलं एका वाक्यात सांगितलं की उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो.

मात्र कर्ता गाळण्याचा अतिरेकही होतो. ‘प्रकरण प्रलंबित आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘उचित स्तरावर विचाराधीन आहे’ ही सरकारी मराठीतली वाक्यं कुणालाच दुखवत नाहीत आणि कुणालाच काही सांगतही नाहीत. कर्ता काढला तर त्याच्या जागी ठिकाण आणि तारीख यायलाच हवी. कुठल्या टप्प्यावर, कधीपासून, कशाच्या प्रतीक्षेत, या तीन गोष्टी असल्या की नावाची गरज पडत नाही.

मुदतीचंही तसंच आहे. ‘अर्जंट’, ‘अतितातडीचे’, लाल उद्गारचिन्ह यांची किंमत कधीच उतरली आहे, कारण ते सगळ्याच मेलवर असतात. 20 जून ही तारीख मात्र मानावी लागते, कारण तिच्यामागे कारण आहे: प्रयोगशाळेचे राखलेले दिवस, 30 जूनचा स्टिकर, 8 जुलैचं ऑडिट. वाहन उद्योगात आयएटीएफ 16949 हे गुणवत्तेचं मानक चालतं. त्यानुसार कॅलिब्रेशन बाहेरून करून घ्यायचं तर ती प्रयोगशाळा सर्वसाधारणपणे आयएसओ/आयईसी 17025 नुसार मान्यताप्राप्त लागते. भारतात ही मान्यता प्रामुख्याने एनएबीएल देतं. म्हणून ऐनवेळी जवळच्या कुणालाही बोलावून भागत नाही. हे सगळं वित्त विभागाच्या प्रमुखाला माहीत असेलच असं नाही. त्याला ते दोन ओळींत सांगायचं, पण भीती घालायची नाही. ‘ऑडिटमध्ये कंपनी अडचणीत येईल’ ही भीती झाली. ‘नग बाहेर मोजून घ्यावे लागतील’ हा परिणाम झाला, आणि त्याचा खर्च त्याला स्वतःला मांडता येतो.

57,000 रुपयांचा पर्याय दिला आहे त्यामागेही विचार आहे. प्रमुखाला फक्त ‘हो’ म्हणण्याची वाट ठेवली तर तो अडवल्यासारखा होतो. दुसरी वाट दाखवली की 14,000 रुपयांच्या वाढीबद्दल शंका असली तरी कागद थांबत नाही.

सीसीत कोण? ज्यांच्या टप्प्यावर पीआर आहे ते अधिकारी आणि आपले क्वालिटी मॅनेजर. बस्स. प्लांट हेडना सीसीत घेतलं की मेलमधला प्रत्येक मऊ शब्द वाया जातो, कारण पत्त्याची ओळच तक्रार करू लागते. बीसीसी तर इथे नकोच. लपवून दाखवलेली मेल कधी ना कधी ‘रिप्लाय ऑल’मधून उघडी पडते. आपल्या मॅनेजरांना न विचारता दुसऱ्या खात्याच्या प्रमुखाला लिहिणंही बऱ्याच कंपन्यांत खटकतं, म्हणून आधी त्यांना मजकूर दाखवलेला बरा. वेळही पाहावी. सोमवारी सकाळी गेलेल्या या मेलला शुक्रवारपर्यंत जागा आहे. गुरुवारी रात्री अकरा वाजता गेली असती, तर तिच्यात एकही वाईट शब्द नसताना ती धमकी वाटली असती.

महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना थांबलेल्या कागदाचा अनुभव फार जुना आहे आणि त्यांनी त्यासाठी पायऱ्याही ठरवल्या आहेत. आधी पत्र, मग स्मरणपत्र क्रमांक एक, मग दोन, आणि तरीही उत्तर नाही तर अर्धशासकीय पत्र, म्हणजे अ.शा. पत्र. ते पदाऐवजी अधिकाऱ्याला नावाने संबोधून जातं आणि त्याची भाषा बहुधा अधिक आर्जवी असते: आपण व्यक्तिशः लक्ष घालावे ही विनंती. पायरी चढते तसा सूर खाली येतो, हे या परंपरेचं शहाणपण आहे. प्रत्येक स्मरणपत्रावर ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या पत्रांचे क्रमांक आणि तारखा असतात. ‘वारंवार’ या शब्दाचं काम ते क्रमांक बिनबोभाट करतात.

शिवाय 2005 चा एक कायदा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कामातला विलंब रोखणं असे दोन विषय त्यात एकत्र आहेत. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखतात. कोणतीही फाइल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात म्हटलं आहे. तातडीची फाइल शक्यतो चार दिवसांत आणि अत्यंत निकडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली निघावी, अशी अपेक्षा आहे. सरकारी कार्यालयातल्या विभागप्रमुखाला लिहिताना हा कायदा कामी येतो, पण तोही दंडुक्यासारखा उगारण्याची गरज नाही. ‘फाइल 2 जूनपासून या टेबलावर आहे’ असं तारखेसह लिहिलं की सात दिवस कधी झाले हे वाचणारा अधिकारी स्वतःच मोजतो.

काही वेळा मात्र दोष न देणं चुकीचं ठरतं. मंजुरीसाठी कुणी पैसे मागितले, तर तो थांबलेला कागद राहत नाही. सरकारी कर्मचाऱ्याबाबत त्याची जागा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, दूरध्वनी 1064. विभागप्रमुखाला मऊ शब्दांत लिहिलेली मेल तिथे उपयोगाची नाही. यंत्राचं संरक्षक कव्हर तुटलं आहे आणि दुरुस्तीची मंजुरी येत नाही, अशा वेळी आधी यंत्र बंद करायचं आणि मग लिहायचं. आणि एकाच टप्प्यावर दर महिन्याला पाच-पाच पीआर थांबत असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी मेल करत राहण्यात अर्थ नाही. तेव्हा सहा महिन्यांचे पीआर, त्यांच्या तारखा आणि प्रत्येक टप्प्यावर गेलेले दिवस एका तक्त्यात मांडून ‘हा टप्पा कसा सुधारता येईल’ यावर अर्ध्या तासाची बैठक मागणं बरं. तक्त्यात माणसांची नावं नसावीत, टप्प्यांची असावीत.

उत्तर आलंच नाही तर? मुदतीच्या एक दिवस आधी, म्हणजे गुरुवारी 19 जूनला, त्याच मेलच्या साखळीत दोन ओळी लिहायच्या: “सर, पीओ उद्या जायचा आहे. आज दुपारी पाच मिनिटं भेटायला येऊ का?” नवीन मेल नको, नवीन सीसी नको. पुष्कळ प्रमुख मेलपेक्षा समोर आलेल्या माणसाला लवकर उत्तर देतात.

आपल्या उदाहरणात तशी वेळ आली नाही. मंगळवारी दुपारी प्रमुखांचं उत्तर आलं. त्यांनी गेल्या वर्षीच्या अहवालाचं कोणतं पान पाहायचं एवढंच विचारलं आणि तासाभरात मंजुरी दिली. बुधवारी पीओ गेला. इंजिनिअरने त्याच साखळीत, त्याच तीन जणांना, पीओचा क्रमांक कळवला. खाली एक ओळ होती: पीआरवरच्या प्रश्नांच्या सूचना आता एका व्यक्तीच्या लॉगिनऐवजी मोजमाप खोलीच्या सामायिक मेलवर येतील असा बदल आयटीकडून करून घेतला आहे. 27 जूनला संध्याकाळी प्रयोगशाळेच्या माणसाने खांबावरचा जुना स्टिकर खरवडून काढला.